चौथीच्या वर्गातली कार्टूनं आणि फाईलमध्ये राहिलेले फोटो

गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगते. चौथीच्या मुलांनी स्वतःच्या फोटोवरून कार्टून काढली होती. त्यातल्या काही फाईली मी छपाईसाठी दुसऱ्या शाळेतल्या एका सरांना मेलने पाठवल्या. संध्याकाळी सरांचा फोन आला, "मॅडम, या फाईलमध्ये पोरांचे फोटो पण आहेत हो." मी तर फोटो लपवले होते! पण चित्राच्या प्रोग्रॅममध्ये फोटो वेगळ्या थरावर, म्हणजे लेअरवर असतो; त्या लेअरसमोरचं डोळ्याचं चिन्ह बंद केलं की फोटो नुसता दिसेनासा होतो, फाईलमध्ये तो जसाच्या तसा असतो. सरांनी डोळ्यावर क्लिक केलं आणि मुलाचा चेहरा समोर. फाईलला नाव दिलेलं होतं मुलाचं. सरांनी लगेच सगळं डिलीट केलं, पण मला रात्रभर झोप लागली नाही. पालकांनी फोटो माझ्या भरवशावर काढू दिले होते.

आता बरेच जण म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, मोबाईलच्या ॲपमध्ये फोटो टाकला की सेकंदात कार्टून तयार. पण अशा बहुतेक ॲपमध्ये मुलाचा फोटो कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि पुढे त्याचं काय होतं ते आपल्याला कळत नाही. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. शिवाय ॲपने केलेल्या चित्रात मूल काय शिकलं? म्हणून मी 'क्रिता' हा चित्रं काढायचा प्रोग्रॅम वापरते. फुकट आहे, एकदा टाकलं की इंटरनेट लागत नाही, फोटो वर्गातल्या संगणकाबाहेर जात नाही.

फोटो खिडकीच्या उजेडात, कोऱ्या भिंतीसमोर, खांद्यापासून वर काढते. शाळेच्या नावाचा बिल्ला काढून ठेवायला सांगते. केबलने संगणकावर घेतला की मोबाईलमधून लगेच पुसते, कचरापेटीतूनसुद्धा. मग क्रितात पांढरं पान उघडून फोटो त्यावर लेअर म्हणून आणायचा, त्याची Opacity, म्हणजे ठळकपणा, तिसाच्या आसपास करायची, कुलूप लावायचं आणि वर नवीन लेअर घेऊन रेघा ओढायच्या. माऊसने रेघ थरथरते. ब्रश घेऊन Tool Options मध्ये Stabilizer लावला की ती बरीच सरळ येते.

खरी गंमत पुढे आहे. मुलं दिसेल ती प्रत्येक रेघ गिरवतात. नाकाच्या दोन्ही बाजू, ओठांशेजारच्या घड्या, एकेक दात. मग नऊ वर्षांचं पोर साठीचं दिसायला लागतं! मी सांगते, नाकाची फक्त खालची कमान काढा, दात म्हणजे एकच पांढरा तुकडा, आणि आरशात बघून तुमच्या चेहऱ्यातली एक गोष्ट थोडी मोठी करा. एकाने कान मोठे केले, एकीने भुवया. ती चित्रं लांबूनही ओळखू येतात.

रंगाच्या वेळी एक मुलगी गुलाबीसर रंग लावून बसली. म्हटलं, तुझ्या गालावरचाच रंग घे की. Ctrl दाबून फोटोवर क्लिक केलं की तिथला रंग ब्रशला येतो. तरी रंग फिकटच आला, कारण फोटो पुसट केलेला होता आणि खालचं पांढरं पान त्यात मिसळत होतं. Opacity परत शंभरावर नेल्यावर तिचा खरा सावळा रंग आला. रेघांच्या खालच्या लेअरवर तिने तो लावला आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटतं, या एका क्षणासाठी तरी हा तास घ्यायलाच हवा.

काम झालं की फोटोचा लेअर लपवायचा नाही, पूर्ण डिलीट करायचा आणि मग सेव्ह. मुलं हे आता माझ्याआधी म्हणतात. पण क्रिता जुन्या फाईलची एक प्रतही त्याच फोल्डरमध्ये ठेवतं, तिच्या नावाच्या शेवटी ~ असतो. तिच्यात फोटो असतोच. ती आणि मूळ फोटो मी स्वतः शोधून पुसते. बाहेर जाते ती फक्त PNG, म्हणजे लेअर नसलेली साधी चित्राची फाईल, आणि तिला नाव नाही, नुसता क्रमांक. तो हजेरीचा नाही, चिठ्ठी काढून दिलेला.

कार्टून म्हणजे फोटो नव्हे, मग नाव लिहिलं तर काय बिघडलं, असं एका पालकांनी विचारलं. चेहरा ओळखू येईल असं चित्र, खाली नाव, इयत्ता आणि गाव, एवढं एकत्र आलं की अनोळखी माणसाला पोरापर्यंत पोचता येतं. म्हणून ग्रुपवर फक्त चित्र. तेही पालकांनी हो म्हटल्यावर आणि मुलाला विचारून. मित्राचं चित्र पुढे पाठवायचं तर आधी मित्राला विचारायचं.

यंदा २२ पैकी ३ मुलांनी नको म्हटलं. एकाचे वडील आग्रह करत होते, "टाका हो मॅडम, छान आलंय." मी नाही टाकलं. त्याचं चित्र छापून त्याच्या हातात दिलं, आणि ते त्याने गणिताच्या वहीत ठेवलंय.