मामा, रांग ७, खड्डा १२

हयात माणसाच्या नावाने झाड लावून ते त्याला भेट द्यायचं, यात एक गोची आहे. झाड मेलं तर त्या माणसाला काय सांगायचं? योजनांच्या जाहिरातींत हा प्रश्न कधी येत नाही. तिथली सगळी झाडं जगतात, सगळी सरळ वाढतात आणि प्रत्येकाशेजारी एक हसरं मूल उभं असतं.

माझ्या बाबतीत हयात माणूस म्हणजे मामा. आयुष्य लेखापरीक्षणात घालवून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, तर ते आतल्या सेलची पावती मागतील. "यंदा वस्तू नको, झाड देऊ," असं बायकोने जाहीर केलं तेव्हाच मी ओळखलं की ही भेट तपासली जाणार. म्हणून आधी मीच तपासायला बसलो.

पहिल्या योजनेचं नमुना प्रमाणपत्र सुरेख होतं. सोनेरी कड, कोपऱ्यात पान आणि मधोमध झाड क्रमांक १८४०६. खाली अक्षांश-रेखांश, दशांशचिन्हापुढे सहा-सहा आकडे. एवढे आकडे बघून माणूस दबतो. पण दशांशचिन्हापुढचा पाचवा आकडा म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर आणि सहावा म्हणजे जेमतेम दहा सेंटिमीटर. मोकळ्या आभाळाखालीही मोबाइल पाचेक मीटर इकडेतिकडे सांगतो. म्हणजे हा सहावा आकडा मोबाइलने मोजलेला नव्हता, नुसता छापलेला होता. रोपं तीन-तीन मीटरवर असतील, तर मोबाइल हातात धरून माझं झाड कुठलं आणि शेजारचं कुठलं, हे कुणालाच सांगता येणार नाही. त्यापेक्षा काठीला बांधलेला रांग आणि खड्ड्याचा क्रमांक असलेला पत्र्याचा बिल्ला बरा. तो निदान वाचता येतो.

तरी ते आकडे मी गुगल अर्थमध्ये टाकले. रोप काही त्यात दिसत नाही, आणि चित्र कितीतरी जुनं असू शकतं, म्हणून त्याची तारीखही बघावी लागते. पण आपण भलत्याच ठिकाणी आहोत का, एवढं कळतं. बिंदू तळ्यात पडला किंवा आधीच घनदाट असलेल्या जंगलात पडला, तर शंका घ्यायला जागा असते. माझा बिंदू माळावर पडला. मला वाटलं, सुटलो.

मग नजर गेली एका ओळीवर: 'आमचे वनक्षेत्र, २ हेक्टर.' मामांच्या सहवासात राहून मलाही आकडे एकमेकांना भिडवायची खोड लागली आहे. दोन हेक्टर म्हणजे २०,००० चौरस मीटर. तीन बाय तीन मीटरवर लावलं, तर एका रोपाला नऊ चौरस मीटर लागतात. म्हणजे मावणार सुमारे २,२२२ रोपं. मग १८४०६ क्रमांकाचे आमचे मामा उभे कुठे राहणार? कुणाच्या तरी मांडीवर?

मी फोन केला.

"झाड लावलेलं आहे ना?"

"हो सर, लावलंय."

"कुठे?"

"जमिनीत सर."

मी गणित सांगितलं. पलीकडे जरा शांतता पसरली. मग "आमची घनवन पद्धत आहे सर" असं उत्तर आलं. हे अगदीच खोटं म्हणता येत नाही. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पद्धतीत एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपंही लावतात. पण त्यात रोपं उजेडासाठी चढाओढ करतात आणि त्यांतली बरीच मागे पडून मरतात. पद्धतच तशी आहे. तिथे एकेका रोपाला एकेका मामाचं नाव देणं म्हणजे नातलगांची कुस्ती लावणं. मी तसं विचारल्यावर उत्तर बदललं: "क्रमांक सगळ्या जागांचा मिळून असतो सर." असू शकतो. मग जागांनुसार यादी द्या, प्रत्येक जागा कुणाच्या मालकीची, किती वर्षांचा करार आहे आणि हेच रोप आणखी कुणाच्या नावावर नाही ना, एवढं लेखी द्या. "मेल करतो," म्हणाले. मेल अजून वाटेत आहे.

खरं तर एवढं गणित करण्याचीही गरज नव्हती. त्यांचं एक वाक्य पुरेसं होतं: 'शंभर टक्के झाडे जगण्याची हमी.' उघड्या माळावर लावलेल्या रोपांची मर होतेच. उन्हाने होते, वाळवीने होते, कधी पिशवीत गोल गोल वळलेली मुळं तशीच खड्ड्यात गेल्यामुळे होते. एकही रोप मेलं नाही असं जो सांगतो, तो बहुधा मोजायलाच गेलेला नसतो.

दुसरी योजना मला एका ओळखीच्या बाईंनी सुचवली. प्रमाणपत्र साधं, पान वगैरे काही नाही. तिथले गृहस्थ फोनवर पहिलंच वाक्य बोलले, "काही रोपं मरतात हो." मला भरून आलं. उन्हाळा संपला की ते रांगेनुसार मोजणी करतात आणि पाऊस लागल्यावर नांग्या भरतात, म्हणजे मेलेल्यांच्या जागी नवी रोपं लावतात. पहिली तीन वर्षं पाणी, खुरपणी आणि कुंपण त्यांच्याकडे. लावणीच्या दिवशीचा फोटो मागितला तर म्हणाले, "तो कशाला? त्या दिवशी सगळीच हिरवी असतात. पुढच्या उन्हाळ्यातला घ्या."

त्यांनी जुन्या लावणीचा तसा एक फोटो पाठवला. सुंदर मुळीच नव्हता. वाळकं गवत, त्यात गुडघाभर रोप, भोवती आळं, आळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन आणि काठीला सैल बांधलेली सुतळी. बिल्ल्यावरचा क्रमांक वाचता येत होता. फोटोत माणूस एकही नव्हता, हे मला फार आवडलं.

मी फॉर्म भरला. 'कुणाच्या नावे' या रकान्यात घाईत नुसतं 'मामा' लिहिलं, आणि मामांच्या आग्रहावरून अहवाल थेट त्यांच्याकडे जाईल अशी सोय केली. भेट त्यांना आवडली. प्रमाणपत्र वाचायला त्यांनी लाल पेन घेतलं होतं, ते न वापरता परत खिशात ठेवलं.

उन्हाळ्यानंतरचा अहवाल आला तो असा: 'रांग ७, खड्डा १२. मामा. मृत. कारण: शेळी. पावसाळ्यात नवे मामा लावू.'

मामींनी तो आधी वाचला, त्यामुळे दुपारी मला जो फोन आला तो इथे देत नाही. मामा मात्र खुशीत होते. कितीतरी महिन्यांनी त्यांना आक्षेप घ्यायला काहीतरी मिळालं होतं. त्यांनी त्याच दिवशी उत्तर धाडलं: 'कुंपण असल्याचे आपण पूर्वी कळवले आहे. मग शेळी आत कशी आली? खुलासा करावा. नव्या मामांच्या लागवडीचा दिनांकही कळवावा.'

खुलासा दोन दिवसांत आला. आपल्या आजीच्या नावाचं झाड बघायला एक कुटुंब आलं होतं. त्यांनी झाडासोबत भरपूर फोटो काढले आणि जाताना फाटक उघडं टाकलं.