चार वाजताचा पाय

कोल्हापुरात राहून बुटांची बाजू घेणं म्हणजे तांबड्या रश्श्याच्या पंगतीत वरणभात मागण्यासारखं आहे. कुणी वाईट बोलत नाही, नुसते बघतात. तरी विषय दिवसभर उभं राहण्याच्या नोकरीचा आहे, त्यामुळे जे होईल ते होवो म्हणून सांगून टाकतो: कोल्हापुरी चप्पल ही राजाची चप्पल आहे, आणि राजा बसलेला असतो.

दुकानात किंवा दवाखान्यात दहा तास उभं राहणाऱ्याला तिचा उपयोग नाही. तळ चामड्याचा, सपाट आणि टणक. टाचेला मागून आधार काहीच नाही. ती पायात टिकते ती पट्ट्याच्या आणि अंगठ्याच्या भरवशावर, म्हणजे प्रत्येक पावलाला बोटं नकळत आवळावी लागतात. दिवसभर मूठ आवळून बसलं तर हाताचं जे होईल तेच बोटांचं होतं. वॉर्डात तर आणखी पंचाईत. फिनाइलच्या ओल्या फरशीवर चामडं सटकतं, आणि रात्रपाळीला ‘कर्रकर्र’ करत एक नर्स गेली की झोपेची गोळी दिलेले पेशंटही उठून बसतात. २०१९ साली चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमानाची गोष्ट आहे. पण मानांकनाने फरशी सुकत नाही.

मग बूट घ्यायचे. इथं माणूस दुसरी चूक करतो: सुटीच्या दिवशी सकाळी नाष्टा करून, ताज्या पायाने दुकानात जातो, स्टुलावर बसतो, बूट चढवतो आणि म्हणतो, “एकदम फिट!” तो फिट असतो सकाळच्या अकरा वाजता. नोकरी मात्र रात्री साडेआठपर्यंत असते.

पोटरी हा पायातला पंप आहे. चालताना ती आवळते, सैल होते आणि पायातलं रक्त वर ढकलते. एका जागी उभं राहिलं की पंप बंद, आणि पाणी सखल जागी जसं साचतं तसं ते घोट्याखाली साचतं. चार वाजेपर्यंत पाय फुगतो, उभं राहून त्याची कमानही थोडी बसते, म्हणून तो लांबतो आणि रुंदही होतो. सकाळचा पाय आणि चार वाजताचा पाय हे दोन वेगळे पाय आहेत. बूट चार वाजताच्या पायासाठी घ्यायचा असतो.

समजा, महाद्वार रोडवर साड्यांच्या दुकानात नव्याने लागलेली एक मुलगी आहे. आजवर तिने चार नंबर वापरला. संध्याकाळी कामावरून आल्यावर कागद भिंतीला टेकवून तिने त्यावर उभं राहावं, टाच भिंतीला लावावी, वजन दोन्ही पायांवर सारखं ठेवावं, आणि दुसऱ्या कुणीतरी पेन्सिल उभी धरून सगळ्यात लांब बोटासमोर खूण करावी. सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असं नाही. पुष्कळांची शेजारची तर्जनी पुढे गेलेली असते. दोन्ही पाय मोजायचे, कारण ते जुळे नसतात. डावा आला २३.६ सेंटिमीटर, उजवा २३.९. मोठा पाय जिंकला. त्याच्यापुढे साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर मोकळी जागा हवी, म्हणजे आतली लांबी पंचवीसच्या आसपास.

आपल्याकडचे नंबर ब्रिटिश पद्धतीचे असतात. एका नंबरात एक तृतीयांश इंच, म्हणजे साडेआठ मिलिमीटरचा फरक. चार नंबरच्या बुटाचा साचा साधारण साडेचोवीस सेंटिमीटर, पाचचा पंचवीस-चार. चारमध्ये उरतात सहा मिलिमीटर: सकाळी बरं वाटतं, चार वाजता नखं पुढच्या भिंतीवर आपटायला लागतात. पाचमध्ये उरतात पंधरा: बोटं सुखी, टाच मागे फुळुक-फुळुक. साडेचार हे बरोबर उत्तर आहे, पण ते मिळालं तर. बऱ्याच दुकानांत अर्धा नंबर मागितला की “अर्धा पाय हाय का ताई?” असा चेहरा होतो. मग पाचच घ्यायचा. शिवाय प्रत्येक कंपनीचा साचा थोडा वेगळा असतो, म्हणून आतला पातळ तळवा, म्हणजे इनसोल, बाहेर काढून त्यावर उभं राहून बघावं. पाय त्याच्या कडेबाहेर सांडत असेल तर नंबर काहीही असो, तो बूट दुसऱ्या कुणाचा आहे.

आईची प्रतिक्रिया ठरलेली असते. “पाच नंबर? पोरीचा पाय हाय का होडी?” या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर नाही. नंबर बाहेर दिसत नाही, हेच सांगावं.

टाच सटकण्यावर उपाय बुटातच दिलेला असतो, आणि तो कुणी वापरत नाही. खेळाच्या किंवा चालण्याच्या बुटाला घोट्याजवळ एक शेवटचं जादा भोक असतं. लोकांना वाटतं कारखान्यात हात घसरला. प्रत्यक्षात ते टाच बांधण्यासाठी आहे. नाडी नेहमीसारखी ओवत वरून दुसऱ्या भोकापर्यंत यायचं. मग उजवी नाडी उजव्याच बाजूच्या शेवटच्या भोकात बाहेरून आत घालायची, पण पूर्ण ओढायची नाही. बोटाएवढा फास बाहेर ठेवायचा. डावीकडे तसंच. आता उजवीचं टोक डाव्या फासातून आणि डावीचं उजव्या फासातून काढायचं, टाच मागे दाबून बसवायची, नाड्या आधी खाली आणि मागे ओढायच्या, मग गाठ. घोटा धरला जातो, पुढचा बूट मात्र सैलच राहतो, आणि पाच नंबरचा बूट साडेचारसारखा वागायला लागतो. पायाच्या वरच्या बाजूला मुंग्या आल्या तर फास फार आवळलाय. दुपारी पाय फुगला की तो एकदा सैल करून परत बांधायचा. जेवणाच्या सुटीत हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

बूट हातात आला की त्याच्यावर दोन अत्याचार करावेत. पहिला: पुढचं टोक वर दाबून वाकवायचं. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. मधोमध घडी पडली तर तो बूट नाही, पाकीट आहे. दुसरा: ओला टॉवेल पिळतात तसा पिळायचा. फार पिळला गेला तर आधार नाही. तिसरी गोष्ट अत्याचार नव्हे, तरी करावी: टाचेची मागची भिंत अंगठ्याने दाबून ती लगेच मान टाकत नाही ना, ते बघावं. दुकानदार बघत राहील. राहू दे.

टाचेची उंची पुढच्या भागापेक्षा एक-दोन सेंटिमीटर जास्त असली तर पुरे. तळाला खाचा असलेलं रबर हवं. दवाखान्यासाठी पुढून बंद आणि पुसता येणारा वरचा भाग हवा. जाळीचा बूट हवेशीर असतो हे खरं, पण हातातून निसटलेल्या सुईलाही तो तितकाच हवेशीर वाटतो.

आणि शक्य असेल तर दोन जोड. ही चैन वाटते, पण आतला फोम आणि अस्तर दिवसभराचा घाम पितात आणि सुकायला एक दिवस घेतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोल्हापुरात काहीच एका रात्रीत सुकत नाही. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते दोन-तीनदा बदलावे लागतात. बूट चुलीजवळ ठेवला की डिंक सुटतो आणि तळ ‘आ’ वासून हसायला लागतो.

मोज्यांचं थोडक्यात. शुद्ध सुती मोजा ऐकायला सात्त्विक वाटतो, पण घाम धरून ठेवतो, आणि ओली कातडी घासली की फोड येतात. त्यात नायलॉन किंवा पॉलिस्टर मिसळलेलं बरं. बोटांपुढची शिवण जाड नको. पाय जास्तच सुजत असतील तर गुडघ्यापर्यंतचे दाब देणारे मोजे मिळतात. हलक्या दाबाच्या डब्यावर साधारण १५ ते २० मिलिमीटर पारा असं लिहिलेलं असतं. ते सकाळी, सूज यायच्या आधी घालायचे. वरची कड दुमडायची नाही. दुमडलेली कड म्हणजे गुडघ्याखाली बांधलेली दोरी. मधुमेह असेल किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये. एकाच पायाला अचानक सूज आली आणि पोटरी दुखली तर मोजा हा उपाय नव्हे. तेव्हा दवाखान्यात उभं राहायला नाही, दाखवायला जायचं.

आता कपडे, आणि तिथंही चार वाजताचाच नियम. कंबरसुद्धा दुपारच्या जेवणानंतर वेगळी असते. पँट किंवा सलवारीला पुढे सपाट पट्टी आणि मागे इलॅस्टिक असलं की नीटनेटकं दिसतं आणि श्वासही घेता येतो. युनिफॉर्म साडी असेल तर परकराची बारीक नाडी कमरेवर वळ उमटवते. त्याऐवजी चार बोटं रुंद पट्टा लावून घ्यावा, शिवणारी मावशी पंधरा मिनिटांत करून देते. साडी बूट घालून मगच नेसायची. अनवाणी नेसलेली साडी बूट घातल्यावर दोन बोटं वर जाते, आणि चपला घालून नेसलेली त्याहून वेगळीच लांबी दाखवते. काठ घोट्याच्या हाडाशी यावा. जमिनीवर लोळणारा काठ फरशी पुसतो आणि गिऱ्हाइकासमोर कोलांटउडी मारायला लावतो.

कापडाला घरचा ‘इस्त्री न केलेला, पण स्वच्छ’ हा शिक्का नको असेल तर सुती-पॉलिस्टर मिसळीचं घ्यावं. निव्वळ सुती दुपारी बाराला पापडासारखं चुरगळतं, निव्वळ पॉलिस्टर मेमध्ये तुम्हाला पापडासारखं तळतं. कुर्त्याची परीक्षा दुकानातच: वरच्या फळीकडे हात करायचा, उकिडवं बसायचं, एक पायरी चढायची. हात वर केल्यावर सगळा कुर्ता वर येत असेल तर बगलेत कापड कमी आहे. दवाखान्यात ओढणी नकोच. स्ट्रेचरच्या चाकाला ती फार आवडते. खिसे दोन्ही बाजूंना, आणि मोबाइल एकात तर पेन, कात्री, किल्ल्या दुसऱ्यात. सगळं एकाच खिशात कोंबलं की कुर्ता एका खांद्यावरून खाली येतो आणि माणूस दिवसभर कुणीतरी ओढतंय अशा थाटात फिरतो.

रात्री मोजा काढला की घोट्याच्या वर त्याची नक्षी उमटलेली असते. हलकी असेल तर ठीक. बोट आत जाईल इतकी खोल खाच असेल तर मोजा घट्ट आहे, उद्या दुसरा. मग बुटांच्या नाड्या सोडाव्यात, जीभ बाहेर काढावी आणि बूट खिडकीशी ठेवावेत. कोपऱ्यातली कोल्हापुरी पायात सरकवावी आणि कर्रकर्र वाजवत रंकाळ्यावर भेळ खायला जावं. तिथं बसायला कट्टा आहे.