‘५० लाखांपर्यंत’ म्हणजे नेमके किती?

वाचकाची प्रतिक्रिया: कर्ज घेण्याचा अधिकार वित्तप्रमुखांना देणाऱ्या एका ओळीच्या ठरावाचं तुम्ही मागच्या लेखात पानभर केलंत. आमच्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये तीनच संचालक, तेही घरचे. ‘वित्तप्रमुखांना ५० लाखांपर्यंत कर्ज घेण्याचा अधिकार देण्यात येत आहे’ एवढं पुरतं. बाकीचं बँकेच्या छापील नमुन्यात असतंच.

उत्तर: नमस्कार. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्याच्या इतिवृत्तात जवळपास हीच ओळ होती. वित्तप्रमुखांनी एप्रिलमध्ये ३० लाख घेतले, जुलैत त्यातले २० लाख फेडले आणि सप्टेंबरमध्ये आणखी ३५ लाख उचलले. वर्षभरात घेतलेलं कर्ज ६५ लाख, पण कोणत्याही दिवशी देणं ४५ लाखांच्या वर गेलं नाही. मग मर्यादा ओलांडली का? वित्तप्रमुख म्हणाले, नाही. एक संचालक म्हणाले, ओलांडली. दोघेही प्रामाणिक होते, आणि ठराव दोघांच्याही बाजूने वाचता येत होता.

१९५६ च्या कंपनी कायद्यात कलम २९२ प्रमाणे, कोणत्याही एका वेळी जास्तीत जास्त किती कर्ज शिल्लक राहू शकतं, हे ठरावात लिहावंच लागे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७९ मध्ये ती सक्ती नाही. अटी संचालक मंडळाने ठरवायच्या. म्हणजे आता ते वाक्य आपण लिहिलं नाही, तर ते कुठेच नसतं. मी असं लिहिते: ‘या अधिकाराखाली घेतलेल्या सर्व कर्जांची शिल्लक मुद्दल कोणत्याही दिवशी ५० लाख रुपयांपेक्षा जास्त असू नये. हा अधिकार ३१ मार्च २०२७ पर्यंत, किंवा मंडळ त्याआधी काढून घेईल तोपर्यंत, राहील.’ आणि हा ठराव मंडळाच्या सभेतच करावा लागतो. संचालक घरचे आहेत म्हणून कागद सह्यांसाठी फिरवून भागत नाही.

वित्तप्रमुखांनी मंडळाला द्यायच्या अहवालाचंही तसंच. प्रत्येक सभेपुढे कर्ज कधी, कोणाकडून, किती, कोणत्या व्याजाने, कशाच्या तारणावर घेतलं आणि आज शिल्लक किती, एवढा तक्ता यावा. काही घेतलं नसेल तर ‘निरंक’ लिहून यावा. इतिवृत्तात तिथे ‘नोंद घेतली’ लिहा, ‘मंजुरी दिली’ नको. अधिकारातल्या कर्जाला पुन्हा मंजुरी दिली, तर मुळात अधिकार होता की नव्हता असा प्रश्न उभा राहतो. मर्यादेबाहेरचं काही घडलं असेल तर त्यासाठी वेगळा, तसं स्पष्ट म्हणणारा ठराव करावा.

राहिला बँकेचा नमुना. तो बँक स्वतःच्या सोयीसाठी छापते. त्यात बहुधा ‘लेखी सूचना मिळेपर्यंत अधिकार कायम’ असं असतं. तुमच्या वित्तप्रमुखांनी उद्या नोकरी सोडली, तर बँकेच्या दफ्तरी त्यांची सही चालूच राहील. म्हणून अधिकार संपला किंवा काढला की त्याच दिवशी बँकेला पत्र द्या, पोच घ्या आणि ती पोच पुढच्या सभेच्या कागदांना जोडा.