तळपायांची आग, चिंता आणि नसांची तपासणी : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

«तळपायांची आग होणे, मुंग्या येणे, अंगावर किडे फिरल्यासारखे वाटणे ही नसा खराब होत चालल्याची खूण आहे. ताबडतोब एनसीव्ही, म्हणजे नसांतून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी, करून घ्या. ती नॉर्मल आली तर नसा ठणठणीत आहेत आणि त्रास फक्त मनाचा आहे. तोपर्यंत नसांच्या ताकदीच्या गोळ्या सुरू करा, त्यांनी नुकसान काहीच होत नाही.»

पहिल्या वाक्यात संवेदना आणि इजा यांची गल्लत झालेली आहे. निरोगी नसही परिस्थिती बदलली की चुकीचे संदेश पाठवू लागते, आणि चिंतेच्या वेळी ही परिस्थिती नेमकी कशी बदलते हे चांगले ठाऊक आहे. घाबरलेला माणूस नकळत भराभर किंवा खोल श्वास घेतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि रक्त किंचित अल्कधर्मी बनते. मग रक्तात मोकळे फिरणारे काही कॅल्शियम प्रथिनांना चिकटते, आणि ते कमी पडल्यावर नसांचे तंतू इतके उत्तेजित होतात की बाहेरून काहीही स्पर्श झालेला नसताना ते आपोआप संदेश सोडू लागतात. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना आणि पायांना येणाऱ्या मुंग्या या अशा असतात. क्वचित त्या एकाच बाजूला जास्त जाणवतात, आणि मग भीती आणखी वाढते. श्वास पूर्ववत झाला की काही मिनिटांत त्या ओसरू लागतात. (कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय मात्र टाळावा, कारण त्रास दमा किंवा हृदयविकाराचा असेल तर तो धोक्याचा ठरतो.)

ही रासायनिक घडामोड नसतानाही त्रास टिकू शकतो. कोणत्याही निरोगी माणसाने आपल्या तळपायाकडे थोडा वेळ एकाग्रतेने लक्ष दिले, तर तेथे ऊब, खाज, हलकी थरथर असे काही ना काही जाणवू लागते. एरवी मेंदू ते गाळून टाकतो. आजाराची धास्ती घेतलेला माणूस दिवसभर तळपायाची चाचपणी करत असल्यामुळे त्याच्याकडे हे गाळण होत नाही. संवेदना खरी असते, फक्त नस कुजत चालल्याचा अर्थ तिच्यातून निघत नाही.

खऱ्या न्यूरोपॅथीची, म्हणजे नसांच्या विकाराची, चाल वेगळी असते. मधुमेहासारख्या कारणांनी नसांना इजा होते तेव्हा सर्वांत लांब तंतू आधी बिघडतात, म्हणून त्रास दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होतो, महिनोन्‌महिने हळूहळू वर चढतो, आणि साधारणपणे गुडघ्यांपर्यंत पोहोचल्यावरच हातांच्या बोटांत उतरतो. दहा मिनिटांत तोंड, हात, पाय आणि पाठ अशी जागा बदलणारी मुंगी या नकाशात बसत नाही. उलट, मन शांत असतानाही रोज त्याच जागी असणारी आणि रात्री वाढणारी आग बसते.

संदेशातील सर्वांत घातक वाक्य तिसरे आहे, कारण ते दोन्ही बाजूंनी फसवते. एनसीव्हीमध्ये, उदाहरणार्थ, पोटरीच्या मागच्या भागावर विजेचा हलका झटका देतात आणि घोट्याजवळ तो संदेश किती वेगाने व किती जोराने पोहोचला हे मोजतात. हा संदेश जाड, आवरण असलेल्या तंतूंचा असतो, म्हणजे स्पर्श, कंप, सांध्यांची स्थिती आणि स्नायूंची हालचाल सांभाळणाऱ्या तंतूंचा. आग, टोचणी आणि उष्ण-थंड यांची जाणीव मात्र बारीक तंतूंकडून येते, आणि त्यांचा संदेश इतका क्षीण व संथ असतो की तो या यंत्राच्या नोंदीत दिसतच नाही. परिणामी बारीक तंतूंचा विकार असलेल्या माणसाचा अहवाल पूर्णपणे नॉर्मल येऊ शकतो, आणि «तुम्हाला काही झालेले नाही» असे ऐकून तो घरी जातो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पाय थंडगार असले की वहनाचा वेग घटतो. म्हणून पायाच्या त्वचेचे तापमान साधारण 30 अंश सेल्सियसच्या वर आणूनच तपासणी करायची असते, आणि ही काळजी घेतली नाही तर धडधाकट नसही मंद दिसते. वयाप्रमाणे हा संदेश आपोआप दुबळा होत जातो, हेही विसरून चालत नाही. चिंताग्रस्त माणसाच्या हाती «किंचित मंद» असे दोन शब्द पडले की पुढची रांग तयार होते : दुसरी तपासणी, मग एमआरआय, मग नवी धास्ती.

त्यामुळे तपासणी करायची की नाही हे यंत्राच्या आधी हातोडीने आणि ट्यूनिंग फोर्कने ठरते. समजा, चौतीस वर्षांच्या एका बाईंना तीन आठवडे संध्याकाळी तळपायांची आग होते, ओठ व बोटे बधिर होतात, प्रत्येक वेळी अर्ध्या तासात सारे ओसरते आणि मधल्या वेळात काहीच नसते. घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया मिळते, अंगठ्यावर 128 हर्ट्‌झच्या फोर्कचा कंप जाणवतो, टाचणीची टोच बोटांवर आणि पोटरीवर सारखीच लागते. त्यांना एनसीव्हीची गरज नाही. रक्तातील साखर, बी12 आणि थायरॉइड पाहिले की पुरे, आणि मग लक्ष श्वासाकडे व चिंतेच्या उपचाराकडे वळवावे.

आता समजा, बावन्न वर्षांच्या एका गृहस्थांना आठ महिने दोन्ही पायांच्या बोटांत सतत आग होते आणि ती घोट्यापर्यंत चढली आहे. तेही चिंताग्रस्त आहेत, पण चिंता आगीनंतर सुरू झाली. प्रतिक्षिप्त क्रिया आणि कंप ठीक आहेत, टाचणी मात्र बोटांवर बोथट लागते. येथे एनसीव्ही करून घेणे योग्यच आहे, पण ती नॉर्मल आली म्हणून थांबणे चूक आहे. त्यांची एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी, 6.8 टक्के आली आणि पुन्हा तपासूनही तशीच राहिली, तर मधुमेह हे कारण समोर उभे राहते. तसे न होता शंका कायम राहिली, तर घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, साधारण 10 सेंटीमीटर वर, त्वचेचा 3 मिलिमीटरचा तुकडा घेऊन त्यातील बारीक तंतू मोजता येतात.

एनसीव्ही खरोखर उपयोगी पडते ती येथे : पायात अशक्तपणा किंवा स्नायू बारीक होणे, प्रतिक्षिप्त क्रिया हरवणे, अंधारात तोल जाणे, एकाच पायाच्या ठरावीक पट्ट्यात बधिरपणा, किंवा चढत जाणारी लक्षणे. काही परिस्थितींत मात्र ओपीडीची तारीख घेत बसू नये. दिवसागणिक पायांतून वर चढणारा अशक्तपणा, बैठकीच्या जागेचा बधिरपणा किंवा लघवी अडणे, आणि अचानक चेहऱ्याच्या वा अंगाच्या एका बाजूचा बधिरपणा ही तातडीची लक्षणे आहेत. यातील पहिल्या प्रकारात, गियाँ-बारे विकारात, सुरुवातीच्या दिवसांत एनसीव्हीही नॉर्मल येऊ शकते. तेथे डॉक्टर हातोडीवर आणि श्वासाच्या ताकदीवर विसंबतात.

राहिला गोळ्यांचा प्रश्न. अशा अनेक गोळ्यांत बी6 असते, आणि ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास स्वतःच संवेदी नसांना इजा करते. म्हणजे ज्या मुंग्यांसाठी गोळी सुरू झाली त्याच मुंग्या तिच्यामुळे येऊ लागतात. बी12चे तसे नाही, पण ते आधीच सुरू केले तर रक्तातील पातळी वाढलेली दिसते आणि मूळ कमतरता लपून जाते. म्हणून रक्ताचा नमुना आधी द्यावा आणि गोळी, लागली तर, नंतर घ्यावी; मधुमेहावरील मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी आणि काटेकोर शाकाहारी व्यक्तींनी बी12 तपासायला तर विसरूच नये.