सात दिवसांची रजा, पाच दिवसांची तयारी

रजा मंजूर झाल्याचा मेल आला तेव्हा मला वाटलं, झालं काम. पण सात दिवस गायब व्हायचं तर आधीचे पाच दिवस 'मी नसताना' या एकाच विषयावर काढावे लागतात, तेही मृत्युपत्र करायला बसलेल्या माणसाच्या गांभीर्याने.

त्या सोमवारी माझ्या नावावर ग्राहकांच्या तक्रारींची ३८ तिकिटं होती आणि त्यातली २३ 'पेंडिंग', म्हणजे ग्राहकाच्या उत्तराची वाट पाहणारी. पेंडिंग तिकीट बघून बरं वाटतं. त्याचं घड्याळ थांबलेलं असतं, लाल रंग दिसत नाही. पण ते झोपलेलं नसतं, झोपेचं सोंग घेतलेलं असतं. ग्राहकाने नुसतं 'धन्यवाद' लिहिलं तरी ते टक्क जागं होतं आणि ज्याच्या नावावर आहे त्याच्याच रांगेत जाऊन बसतं. मागच्या रजेत अशी चार तिकिटं सहा दिवस माझ्या रिकाम्या खुर्चीशी बोलत बसली होती.

म्हणून या खेपेला सगळी पेंडिंग तिकिटं मी शेजारी बसणाऱ्या सहकारणीच्या नावावर केली. ती एकदम २३ तिकिटांची धनीण झाली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. नव्या तिकिटांच्या आपोआप वाटपातून माझं नाव मात्र गुरुवारी दुपारीच काढलं. ते शुक्रवारी काढायचं असं ठरवणाऱ्याला शुक्रवारी साडेपाचला हमखास एक तिकीट मिळतं, आणि त्याचा विषय नेहमी 'तातडीचे' असतो.

मग नोंदी. मागच्या वेळी मी लिहिलं होतं, 'दुबार बिलाचं प्रकरण बघून घेणे, नेहमीप्रमाणे.' आल्यावर सहकारणीने एवढंच विचारलं होतं, "नेहमीप्रमाणे म्हणजे कुणाच्या नेहमीप्रमाणे रे?"

तशाच प्रकरणाची यंदाची नोंद अशी: 'एकाच ऑर्डरची दोन बिलं गेली आहेत. दुसरं रद्द करायचा अर्ज सोमवारी अकाउंट्सकडे दिला. मंगळवारपर्यंत क्रेडिट नोट आली नाही तर बुधवारी सकाळी फोन कर. मेल ते वाचत नाहीत. क्रेडिट नोट आली की ग्राहकाला पाठव आणि तिकीट बंद कर. दुसरं बिल स्वतः डिलीट करू नकोस. बटण दिसेल, दाबावंसंही वाटेल, पण त्याने पहिलंही जातं.'

शेवटची दोन वाक्यं मला सुचायला अर्धा तास लागला, कारण जे आपण कधीच करत नाही ते लिहायचं लक्षातच येत नाही. ते बटण मी एकदाच दाबलंय. त्यावर इथे जास्त बोलणार नाही.

उरला मेलबॉक्स. पासवर्ड द्यायचा नाही, हा नियम मी पाळला. रीतसर अर्ज करून तिला माझ्या मेलबॉक्सचा 'फुल अॅक्सेस' मिळवून दिला. आयटीवाल्याने सांगितलं, लागू व्हायला तासभर लागू शकतो. बुधवारी तिने मेलबॉक्स उघडला. मेल दिसले, फोल्डर दिसले, मी तीन वर्षं न वाचलेली वार्तापत्रंही दिसली. मी म्हटलं, "बघ, झालं!"

"एका मेलला उत्तर तर देऊन बघू दे," ती म्हणाली.

उत्तर गेलं नाही. माझ्या नावाने पाठवायची परवानगी तुम्हाला नाही, असा निरोप परत आला. कारण 'फुल अॅक्सेस' हे नाव फसवं आहे. त्यात सगळं वाचता येतं, पण पाठवायला 'सेंड अॅज' किंवा 'सेंड ऑन बिहाफ' ही वेगळी परवानगी लागते. पहिलीत मेल थेट माझ्याच नावाने जातो, दुसरीत 'अमुकच्या वतीने' असं दिसतं. मी दुसरी मागितली. तिच्या रागावर माझी सही नको.

चाचणी बुधवारी केली म्हणून बरं. शुक्रवारी संध्याकाळी केली असती, तर परवानगी देणारा आयटीवालाही रजेवर निघालेला असता.

शुक्रवारी तासभर दोघं एकत्र बसलो. माझा लॅपटॉप मिटवून ती तिच्या मशीनवरून माझी कामं करत होती, मी मागे हाताची घडी घालून गप्प. दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा नोंदीत एक ओळ वाढली. शेवटी ती म्हणाली, "जा आता. फोन बंद ठेव."

मी रुबाबात 'रजेवर आहे' हे आपोआप उत्तर चालू केलं, त्यात परतायची तारीख दोनदा तपासली आणि निघालो.

सोमवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी फोन थरथरला. फोन बंद नव्हता, अर्थातच. पुरवठादाराच्या पोर्टलचा सहा आकडी ओटीपी होता. ते खातं टीमचं, पासवर्ड टीमचा, नोंदीत पायऱ्या सगळ्या क्रमाने दिलेल्या. फक्त मोबाइल नंबर माझा.

मी आकडे पाठवले. ते पोचेपर्यंत मुदत संपली होती. लगेच दुसरा ओटीपी आला.