पाय रोवून नेम: रेसिडेंट इव्हिल ४ च्या कंट्रोलबद्दल

«जुन्या रेसिडेंट इव्हिल ४ मध्ये चालता चालता गोळी झाडता येत नाही. तेव्हा तंत्रज्ञान नव्हतं म्हणून तसं केलं. टँक कंट्रोल म्हणजे नुसती खोड. कॅमेरा खांद्यामागे आणला हे छान, पण कंट्रोल मात्र १९९६ चेच राहिले. रिमेकने ती चूक दुरुस्त केली.»

या तक्रारीतले मुद्दे एकेक करून घेऊ. टँक कंट्रोलपासून सुरू करतो. या गेम मालिकेच्या १९९६ च्या पहिल्या भागात कॅमेरे खोलीच्या कोपऱ्यात खिळलेले होते. समजा, कॅमेरा तुमच्या पाठीमागे आहे आणि स्क्रीनवर जिकडे दाबाल तिकडेच पात्र जातं. तुम्ही 'वर' दाबून पुढे निघालात. दारापाशी कॅमेरा बदलला आणि आता तो समोरून बघतोय. तेच 'वर' आता उलट्या दिशेला नेतं. पात्र मागे वळतं, पहिला कॅमेरा परत येतो, ते पुन्हा पुढे वळतं आणि उंबरठ्यावरच अडकतं. टँक पद्धतीत 'वर' म्हणजे पात्राच्या नाकासमोर, मग कॅमेरा कुठेही असो. ती खोड नव्हती, त्या कॅमेऱ्यावरचा तो उपाय होता. त्याच भागाच्या २०१५ च्या एचडी आवृत्तीत स्क्रीनवरच्या दिशेने चालायचा नवा पर्याय दिला, तेव्हाही कॅमेरा बदलल्यावर स्टिक सोडेपर्यंत जुनी दिशाच धरून ठेवावी लागली.

२००५ मध्ये चौथ्या भागाचे दिग्दर्शक शिंजी मिकामींनी कॅमेरा आपण खेळतो त्या लिऑनच्या उजव्या खांद्यामागे आणला, तेव्हा ही अडचणच संपली. आता पाठ आणि कॅमेरा एकाच दिशेला, त्यामुळे स्क्रीनवरचं 'वर' आणि लिऑनचं 'पुढे' एकच. वळणं मात्र डाव्या स्टिकवरच राहिलं. उजव्या स्टिकने मान थोडी फिरते आणि सोडली की जागेवर येते. म्हणजे नजर फिरवायची तर अंग फिरवावं लागतं. लिऑन स्क्रीनच्या डाव्या बाजूला उभा असतो, त्यामुळे डावीकडचं कमी दिसतं आणि मागचं तर काहीच नाही. म्हणून मागून हल्ला करायला येणारे गावकरी ओरडतात. जे कॅमेरा दाखवत नाही, ते कानाने कळतं.

आता थांबून नेम धरण्याबद्दल. भांडुपला बहिणीकडे भाच्याने आधी २०२३ चा रिमेक संपवला आणि मग जुना गेम लावला. पहिल्याच गावात त्याचा अंगठा स्टिक मागे खेचत होता आणि लिऑन हलायच्या ऐवजी बंदुकीचं टोक खाली जात होतं. नेम धरला की तीच स्टिक नेम हलवते. "मामा, हा मागे का सरकत नाही?" मी म्हटलं, "बंदूक खाली घे, वळ आणि पळ." सातव्या-आठव्या प्रयत्नाला त्याला लय सापडली.

ती लय अशी. समोरून तिघं येतायत. ते धावत येतात, पण जवळ आले की पावलं मंद करतात. हा वेळ खास तुमच्यासाठी ठेवलेला आहे. थांबायचं, लेझरचा लाल ठिपका पुढच्याच्या डोक्यावर आणायचा आणि झाडायचं. तो डोकं धरून डगमगतो. आता बंदूक खाली, चार पावलं पुढे आणि लाथ. शेजारचे दोघंही आडवे होतात आणि लाथ चालू असताना लिऑनला इजा होत नाही. एका गोळीत तिघं. पण त्यासाठी शत्रूच्या जवळ जायला हवं, पळायचं की रोवून उभं राहायचं हे प्रत्येक वेळी ठरवायला हवं. याच गावकऱ्यांसमोर मागे सरकत झाडता आलं असतं, तर कोणीही तसंच खेळलं असतं आणि लाथेची गरजच उरली नसती.

तंत्रज्ञानाचं म्हणाल, तर निन्टेन्डोच्या वी कन्सोलवरच्या २००७ च्या आवृत्तीत रिमोट रोखून नेम धरता येऊ लागला. चालणं तिथेही बंदच होतं, गावकरी तेच होते. नेम झटकन लागू लागल्याबरोबर तोच गेम बराच सोपा झाला. म्हणजे धोक्याचं माप नेम धरायला लागणाऱ्या वेळावरच बेतलेलं होतं.

रिमेकने चूक दुरुस्त केली असं मला वाटत नाही. त्याने वेगळा गेम केला आणि तोही चांगला. चालताना झाडायची सोय दिली, पण चालताना नेम पसरतो आणि क्षणभर स्थिर राहिलं की आवळतो, म्हणजे थांबण्याचा मोबदला तिथेही ठेवला. शत्रू अधिक अंगावर येणारे केले आणि वार परतवायला चाकू दिला. जुने गावकरी तसेच ठेवून फक्त पाय मोकळे केले असते, तर ते निशाणाच्या डब्यांसारखे उभे राहिले असते.

एक तक्रार मात्र मला मान्य आहे. जुन्या गेममध्ये भिंतीला तोंड करून अडकलात आणि शत्रू बाजूला असेल, तर जागेवर वळणं फार मंद आहे. झटक्यात वळायची सोय आहे, पण ती थेट पाठीमागे वळवते, काटकोनात नाही. तिथे तुम्ही मेलात, तर दोष तुमच्या निर्णयाचा नसतो. गावाच्या चौकात वेढले गेलात, तर मात्र बहुतेक वेळा बोट ठेवून सांगता येतं की कोणत्या क्षणी बंदूक खाली घ्यायला हवी होती.