खुलासा: स्मार्ट बल्ब आणि वीजबिल

‘स्मार्ट बल्ब लावा, उजेड कमी ठेवा, बिल अर्धं येते. खरं आहे का?’

नाही. ओसरीतला ९ वॅटचा साधा एलईडी रोज ५ तास जळला, तर महिन्याला १.३५ युनिट होतात. तेवढ्याच वॅटचा स्मार्ट बल्ब निम्म्या उजेडावर ठेवला, तर त्यातलं साधारण अर्धं वाचेल. पण बंद दिसतानाही तो वायफायसाठी जागा असतो. त्यात अर्धा वॅट धरला, तरी उरलेल्या १९ तासांचे महिन्याला पाव युनिटाहून जास्त जातात. हाती राहतं अर्ध्या युनिटाहूनही कमी. कोठ्यात अजून ६० वॅटचा पिवळा गोळा असेल, तर आधी तो बदला. तेवढ्याच तासांत तो ९ युनिट खातो.

भिंतीवरचं बटण बंद केलं की मोबाईलवरून बल्ब लागत नाही. लाईन जाऊन आली की बरेच स्मार्ट बल्ब आपोआप पूर्ण उजेडाने लागतात. आमच्याकडे रात्री दोनला लाईन आली अन् झोपलेलं सगळं घर उठून बसलं! अॅपमध्ये ‘Power-on behavior’ असेल, तर लाईन जाण्याआधी होती तीच स्थिती राहील असं निवडा.

पंख्याच्या रेग्युलेटरवर कोणताच एलईडी जोडू नका, तो लुकलुकतो. भिंतीवरच्या डिमरला डिमेबल लिहिलेलाच बल्ब लागतो, स्मार्ट बल्ब तिथे नको.

अंथरुणाला खिळलेल्या आजीला बटणापर्यंत जाता येत नसेल, तर तिच्या खोलीत एक स्मार्ट बल्ब जरूर घ्या. अंगणातल्या दिव्याला मात्र अंधार पडला की लागणारा सेन्सरवाला होल्डर पुरतो, त्याला वायफायही लागत नाही.